सॉफ्टवेअर सबस्क्रिप्शनच्या बिलांवरचं जीएसटी क्रेडिट: कामाच्या नोंदी

३० जुलै २०२५

आमचा पुण्यातला छोटा डिझाइन स्टुडिओ आहे, एलएलपी म्हणून नोंदलेला. जीएसटी नंबर महाराष्ट्राचा, म्हणजे २७ ने सुरू होणारा. सॉफ्टवेअरवर दर महिन्याला बरेच पैसे जातात आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी आजवर बहुतेक खर्चातच टाकला गेला, विक्रीवरच्या करातून वजा करून घेतला नाही. यंदा सीएंनी बजावलं, "२०२४-२५ ची बिलं ३० नोव्हेंबरच्या आत लावा, नंतर माझ्याकडे येऊ नका." त्या वर्षाचं क्रेडिट घ्यायला ३० नोव्हेंबर २०२५ किंवा वार्षिक रिटर्न भरल्याचा दिवस, यातलं जे आधी येईल तेवढीच मुदत आहे.

आज फक्त गोळाबेरीज केली. कार्डाच्या स्टेटमेंटवरून सॉफ्टवेअरचे सगळे व्यवहार काढले आणि प्रत्येकासमोर बिल शोधायला बसले. सर्वात जास्त वेळ खाल्ला तो बिलं ज्यांच्या लॉगिनमागे अडकली आहेत अशा खात्यांनी. एका टूलचं खातं सोडून गेलेल्या डिझायनरच्या ईमेलवर होतं, ते परत मिळवण्यातच दुपार गेली.

मेलमध्ये जे पडलेलं असतं ते बहुतेक वेळा नुसती पैसे मिळाल्याची पावती असते. तिच्यावर रक्कम, कार्डाचे शेवटचे चार आकडे आणि 'धन्यवाद' असतं. त्यावर क्रेडिट मिळत नाही. खऱ्या बिलावर 'टॅक्स इन्व्हॉइस' असं लिहिलेलं असतं आणि ते बहुधा खात्याच्या बिलिंग पानावरूनच उतरवून घ्यावं लागतं.

१ ऑगस्ट

बिलांचे तीन गठ्ठे केले. गठ्ठा ठरवताना कंपनीचं नाव बघत नाही, बिल देणाऱ्याचा जीएसटी नंबर बघते. परदेशी नावाच्या कित्येक कंपन्या भारतातल्या उपकंपनीमार्फत बिल देतात. नंबर २९ (कर्नाटक), ०६ (हरियाणा) अशा राज्याच्या आकड्यांनी सुरू झाला की बिल भारतातलं. परदेशातली बिलं दोन तऱ्हेची निघाली. एकात कर शून्य आणि 'रिव्हर्स चार्ज' असा शेरा. दुसऱ्यात १८ टक्के लावलेले आणि देणाऱ्याचा नंबर ९९ ने सुरू होणारा. ९९ वाला नंबर म्हणजे परदेशात बसून भारतातल्या ग्राहकांना ऑनलाइन सेवा विकणाऱ्यांसाठीची वेगळी नोंदणी.

आधी भारतातला गठ्ठा घेतला. बिलावर काय काय असावं याची यादी नियम ४६ मध्ये आहे आणि ती लांबलचक आहे: नाव, पत्ता, अनुक्रमांक, तारीख, सेवेचा कोड, दर, सही, वगैरे. ती घेऊन तपासायला बसले असते तर निम्मी बिलं बाद झाली असती. एकावर सेवेचा कोडच नव्हता. एकावर आमच्या एलएलपीच्या नावाऐवजी स्टुडिओचं बोलायचं नाव होतं.

सीएंनी नियम ३६(२) चं परंतुक दाखवलं तेव्हा जीव भांड्यात पडला. बाकी तपशील अपुरे असले तरी पुढच्या गोष्टी बिलावर असतील तर क्रेडिट घेता येतं: कर किती लावला, सेवेचं वर्णन, एकूण रक्कम, देणाऱ्याचा जीएसटी नंबर, घेणाऱ्याचा जीएसटी नंबर, आणि दोन राज्यांमधला व्यवहार असेल तर 'प्लेस ऑफ सप्लाय'. यात आमचं नाव नाही, पत्ता नाही, कोडही नाही. पण आमचा नंबर मात्र आहे. त्यामुळे कोड नसलेलं आणि बोलीतल्या नावाचं, दोन्ही बिलं ठेवली. सही नसल्याची काळजी करायचं कारण नाही. इलेक्ट्रॉनिक बिलाला ती लागत नाही.

या सवलतीला एक मर्यादा आहे. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असलेल्या विक्रेत्याने नोंदणीकृत व्यवसायाला दिलेलं बिल, काही सूट असलेली क्षेत्रं सोडली तर, ई-इन्व्हॉइस असावं लागतं. म्हणजे त्यावर आयआरएन नावाचा लांब क्रमांक आणि क्यूआर कोड हवा. ज्याला हे लागू आहे त्याने ते न करता दिलेलं बिल कायद्याने बिलच धरलं जात नाही. मग परंतुक तरी कशाला लावणार?

५ ऑगस्ट

भारतातला गठ्ठा जीएसटीआर-२बी शी जुळवला. बिल हातात असणं ही अर्धीच गोष्ट. विक्रेत्याने ते आपल्या जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमध्ये आमच्या नंबरावर दाखवलेलं असेल तरच ते आमच्या टूबीत उतरतं, आणि १ जानेवारी २०२२ पासून टूबीत नसलेलं क्रेडिट घेता येत नाही.

बरीचशी बिलं मिळाली. तीन अडली.

हजेरी-पगाराचं सॉफ्टवेअर, बंगळुरूची कंपनी. नोव्हेंबर २०२४ मध्ये वर्षाचे ४८,००० अधिक ८,६४० कर भरला होता. खरेदी एका भागीदाराने स्वतःच्या नावाने केली, नंबराचा रकाना मोकळा सोडला. बिलावर आमचा नंबर नाही, टूबीत नोंद नाही.

फॉन्टचं वार्षिक लायसन, ९,००० अधिक १,६२०. तीच तऱ्हा.

तिसरं जरा गमतीचं. फाइल साठवणुकीची सेवा, १२,००० रुपयांची, हीसुद्धा बंगळुरूची. बिलावर आमचा २७ वाला नंबर बरोबर आहे, टूबीतही आहे, पण 'आयटीसी उपलब्ध नाही' या भागात. बिल बघितलं तर आयजीएसटीऐवजी सीजीएसटी १,०८० आणि एसजीएसटी १,०८०. खातं उघडणारा आमचा माणूस तेव्हा बंगळुरूहून काम करायचा, त्याने तिथला पत्ता टाकला आणि त्यांच्या यंत्रणेने प्लेस ऑफ सप्लाय कर्नाटक धरलं. विक्रेता आणि प्लेस ऑफ सप्लाय दोन्ही कर्नाटकात, आम्ही महाराष्ट्रात. कर्नाटकाचा एसजीएसटी आम्हाला वापरता येत नाही, सीजीएसटीही त्याच्याबरोबर गेला. बिलावर दोन कर दिसले आणि विक्रेत्याच्या नंबराचे पहिले दोन आकडे आपल्याहून वेगळे असले, की तिथेच थांबायचं.

तिघांनाही मेल टाकले.

८ ऑगस्ट

पगाराच्या सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर आलं, तेही झटपट. 'बिलिंग पानावर तुमचा जीएसटी नंबर भरा आणि बिल पुन्हा उतरवून घ्या.' केलं तसं. नोव्हेंबरचंच बिल, तोच क्रमांक, तीच तारीख, आणि आता वर आमचा नंबर झळकतोय. भागीदार खूश. "झालं की काम."

सीएंना पाठवलं तर त्यांचा एकच प्रश्न: "कागद बदलला, त्यांचा जीएसटीआर-१ बदलला का?"

अर्थातच नाही. बिलिंगची यंत्रणा पीडीएफ दर वेळी नव्याने बनवते आणि वरचा भाग आजच्या सेटिंगमधून उचलते. सरकारकडे मात्र ते बिल अजून नोंदणी नसलेल्या ग्राहकाचंच आहे. ओळखायची खूण सोपी आहे. या कंपनीचं ऑगस्टचं दुसरं एक बिल आमच्या नंबरावर आहे, त्यावर क्यूआर कोड आहे. या 'नव्या' जुन्या बिलावर नाही. क्यूआर असता तर जीएसटीच्या पडताळणी अॅपने स्कॅन करून आत घेणारा म्हणून कोणाचा नंबर आहे तेही बघता आलं असतं.

त्यामुळे मेल पुन्हा लिहिला, या वेळी हेल्पडेस्कला नाही तर थेट त्यांच्या अकाउंट्स विभागाला. मागणी नेमकी ठेवली: जुन्या बिलाची क्रेडिट नोट काढा आणि आमच्या नंबरावर आयआरएनसकट नवीन बिल द्या. 'जीएसटी नंबर अपडेट करून द्या' असं मोघम लिहिलं की पुन्हा पीडीएफच येणार.

फाइल साठवणुकीवाल्यांनी मात्र चूक लगेच मान्य केली. प्लेस ऑफ सप्लाय बदलून आयजीएसटी २,१६० अशी दुरुस्ती ऑगस्टच्या जीएसटीआर-१ मध्ये करतो म्हणाले.

१२ ऑगस्ट

आता ९९ वाला गठ्ठा. यात एकच टूल आहे पण दर महिन्याचं. ९० डॉलर अधिक १८ टक्के, म्हणजे १०६.२० डॉलर कार्डावरून जातात. बिलावर कर आहे, दर आहे, देणाऱ्याचा भारतातला नंबरही आहे. दिसायला अगदी खरं. हिशेबाची वही बघणाऱ्या आमच्या ताईंनी वर्षभर 'क्रेडिट घ्यायचं' असा शेरा मारून ही बिलं वेगळी ठेवली होती.

एकाचंही क्रेडिट मिळणार नाही. ही कंपनी आम्हाला नोंदणी नसलेला ग्राहक समजून कर लावते आणि जीएसटीआर-५ए या वेगळ्या रिटर्नमधून भरते. त्या रिटर्नमधलं काहीच कोणाच्या टूबीत येत नाही. शिवाय बिलावर आमचा नंबर नाही. दर महिन्याचे १६.२० डॉलर, ८५ च्या दराने धरले तरी वर्षाचे साडेसोळा हजार रुपये खर्चात जमा.

उलट नंबर दिला असता तर त्यांनी कर लावलाच नसता. परदेशातून सेवा घेणाऱ्या नोंदणीकृत व्यवसायाने कर स्वतः भरायचा, रिव्हर्स चार्जने, आणि मग त्याचं क्रेडिट घ्यायचं.

आज त्यांच्या सेटिंगमध्ये नंबर भरला. पहिल्यांदा घेतलाच नाही, कारण देश 'भारत' असला तरी खात्याचा प्रकार 'वैयक्तिक' होता. तो 'व्यवसाय' केल्यावर कराच्या नंबराचा रकाना उगवला. मागच्या बिलांवरचा कर परत द्याल का, असंही विचारून ठेवलं.

१८ ऑगस्ट

१५ तारखेचं बिल आलं. ९० डॉलर, कर शून्य, खाली आमचा नंबर आणि रिव्हर्स चार्जचा शेरा. मागचा कर परत करायला कंपनीने नकार दिला. नंबर भरल्यापासून पुढेच, असं त्यांचं धोरण. हा हिशेब इथे मिटला.

पण कर शून्य असलेलं बिल मिळालं म्हणून हात झटकता येत नाहीत. आता त्यावरचा कर आम्ही भरायचा, आणि क्रेडिटसाठी लागणारा कागदही आम्हीच बनवायचा. परदेशी कंपनीच्या बिलावर ना कर आहे ना तिचा इथला नंबर, त्यामुळे ते क्रेडिटचा आधार होत नाही. आधार होतो तो आपण स्वतःच्या नावाने काढलेला सेल्फ-इन्व्हॉइस. १ नोव्हेंबर २०२४ पासून तो सेवा मिळाल्यापासून ३० दिवसांत काढायचा आहे.

२२ ऑगस्ट

सेल्फ-इन्व्हॉइसचा नमुना पक्का केला. वेगळी क्रमांकमालिका ठेवली, कारण विक्रीच्या बिलांत ही मिसळली की जीएसटीआर-१ भरताना घोळ होतो. क्रमांक १६ अक्षरांच्या आत हवा. १५ ऑगस्टचा हा:

```
क्रमांक: RCM/25-26/001      दिनांक: 22-08-2025
सेवा देणारा: (कंपनी, पत्ता, देश), भारताबाहेरचा
मूळ बिल क्र. व दिनांक: ........ / 15-08-2025
सेवा घेणारा: आमचं नाव, पत्ता, GSTIN 27...
वर्णन: सॉफ्टवेअर वापराचा परवाना, SAC 997331
रक्कम: USD 90 x 87.50 = 7,875.00
IGST 18%: 1,417.50
प्लेस ऑफ सप्लाय: महाराष्ट्र (27)
रिव्हर्स चार्जने कर देय: होय
सही
```

डॉलरचा दर कुठला, यावर बराच खल झाला. ताईंनी कार्डातून गेलेले रुपये धरले होते. त्यात बँकेचं परकीय चलनाचं शुल्कही होतं, आणि ते सॉफ्टवेअरच्या किमतीचा भाग नाही. सेवांसाठी, कर देय होतो त्या दिवसाचा, हिशेबाच्या मान्य पद्धतीने आपण वहीत वापरतो तोच दर घ्यायचा (नियम ३४). कर देय होण्याचा दिवस म्हणजे आमच्या बाबतीत पैसे गेले तो दिवस. कारण पैसे वहीत नोंदल्याची किंवा बँकेतून वजा झाल्याची तारीख आणि सेल्फ-इन्व्हॉइसची तारीख यांत पैसेच आधी गेले. सबस्क्रिप्शनमध्ये बहुतेक वेळा असंच होतं.

त्यानंतर तिसरा गठ्ठा उघडला आणि खरं नुकसान तिथे सापडलं. ५ डिसेंबर २०२४ चं परदेशी बिल, वर्षाचं, ६०० डॉलर. नंबर दिलेला होता, कर शून्य, रिव्हर्स चार्जचा शेराही होता. तो शेरा कोणी वाचलाच नाही. कर भरला गेला नाही.

त्या दिवसाचा आमच्या वहीतला दर ८४.७०. म्हणजे किंमत ५०,८२० रुपये आणि कर ९,१४७.६०. हा डिसेंबरच्या जीएसटीआर-३बी या मासिक रिटर्नमध्ये, म्हणजे २२ जानेवारी २०२५ पर्यंत भरायला हवा होता. तेव्हापासून वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज.

मला वाटलं होतं की बिल २०२४-२५ चं, त्यामुळे निदान ३० नोव्हेंबरची घाई याला आहेच. तसं नाही. नोंदणी नसलेल्या पुरवठादाराकडून रिव्हर्स चार्जवर घेतलेल्या सेवेसाठी, सेल्फ-इन्व्हॉइस ज्या आर्थिक वर्षात काढला ते वर्ष मुदतीसाठी धरायचं, असं जून २०२४ च्या परिपत्रक २११ मध्ये स्पष्ट केलं आहे. आज काढलेल्या कागदाची मुदत ३० नोव्हेंबर २०२६ पर्यंत जाते. उशीर मात्र माफ होत नाही. व्याज द्यावं लागतं आणि दंड लागू शकतो, हेही तिथेच लिहिलंय. क्रमांक ००२ टाकून हाही काढला.

९ सप्टेंबर

गणपतीत सगळं थंड होतं. आज मेल बघितले तर पगाराच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या अकाउंट्सने २५ ऑगस्टलाच क्रेडिट नोट आणि नवीन बिल पाठवलं होतं. बिलावर ऑगस्टची तारीख आहे आणि वर्णनात सेवेचा मूळ कालावधी, नोव्हेंबर २०२४ ते ऑक्टोबर २०२५. मूळ तारखेनेच बिल मागून बघितलं होतं, पण ते शक्य नव्हतं. १० कोटींवर उलाढाल असणाऱ्यांना एप्रिल २०२५ पासून ३० दिवसांपेक्षा जुन्या तारखेच्या बिलाला आयआरएन मिळत नाही. आम्हाला फरक पडत नाही, उलट मुदत वाढली. वहीत जुने भरलेले पैसे नव्या बिलाला लावून घेतले, नाहीतर १८० दिवसांत पैसे न दिलेल्या बिलांच्या यादीत हे उगाच दिसलं असतं.

फॉन्टवाल्यांनी हात वर केले. 'वर्ष बंद झालं, काही करता येणार नाही.' कायद्याने त्यांना अजून क्रेडिट नोट काढता येते, पण करायला भाग कसं पाडणार? १,६२० रुपयांसाठी आणखी मेलामेली करण्यात अर्थ नाही. पूर्ण १०,६२० खर्चात टाकले.

१५ सप्टेंबर

ऑगस्टची टूबी तयार झाली. पगाराच्या सॉफ्टवेअरचे ८,६४० आलेत. फाइल साठवणुकीची दुरुस्ती आली, ती दुरुस्त बिलांच्या वेगळ्या भागात दिसते, नेहमीच्या यादीत शोधत बसू नये. आयजीएसटी २,१६०, उपलब्ध.

सेल्फ-इन्व्हॉइस दोन्ही टूबीत नाहीत आणि येणारही नाहीत. परदेशी विक्रेता इथे काही भरतच नाही, तर येणार कुठून? ताई त्यावरून घाबरल्या होत्या. या क्रेडिटला आधार टूबीचा नाही, सेल्फ-इन्व्हॉइस आणि कर भरल्याचा आहे.

१८ सप्टेंबर

३बी भरला. दोन्ही सेल्फ-इन्व्हॉइसचा कर `3.1(d)` मध्ये: ९,१४७.६० अधिक १,४१७.५०, एकूण १०,५६५.१०. हा रोखीच्या लेजरमधूनच भरावा लागतो, शिल्लक क्रेडिट असलं तरी इथे चालत नाही. त्यासाठी आधी चलन भरून ठेवलं. क्रेडिट त्याच रिटर्नमध्ये `4(A)(2)` ला, जिथे आयात सेवा लिहितात. पगाराचं आणि फाइल साठवणुकीचं नेहमीच्या `4(A)(5)` ला.

डिसेंबरच्या बिलावर २३९ दिवसांचं व्याज १,०७८ रुपये लागलं. तेही रोखीने, आणि त्याचं क्रेडिट नाही.

२४ सप्टेंबर

खरेदीची पद्धत बदलली. कार्ड आता ताईंकडे आहे. नवीन टूल हवं असेल तर मागणारा दुवा पाठवतो, ताई आधी खात्याचा प्रकार, आमचा नंबर आणि पुण्याचा पत्ता भरतात, आणि मगच कार्ड जोडतात. चाचणीच्या मोफत महिन्यात कार्ड जोडून ठेवायची सवय सगळ्यांची मोडली आहे, कारण पहिलं बिल नेमकं तिथूनच नंबराशिवाय निघतं. पहिलं बिल आलं की त्यावर आमचा नंबर आहे का आणि कर कुठला लावलाय एवढं बघून ताई वहीत एक शब्द लिहितात: 'टूबी' किंवा 'सेल्फ'.

३० नोव्हेंबरच्या यादीत अजून एक बिल बाकी आहे. ते देणारा विक्रेता तिमाही रिटर्न भरतो, त्यामुळे त्याने कबूल केलेली दुरुस्ती ऑक्टोबरमध्ये दिसेल.